आठवड्याला तीन कट्टे तांदूळ

मिरजेत सरकारी रुग्णालयाबाहेर संध्याकाळी जेवणासाठी जी माणसं उभी असतात, त्यांत रुग्ण कोणी नसतो. दाखल झालेल्या रुग्णाला वॉर्डात जेवण मिळतं. त्याच्या उशाशी बसलेल्या आईचं, भावाचं, बायकोचं जेवण त्यात धरलेलं नसतं. ही माणसं जत-कवठेमहांकाळकडून येतात, सीमेपलीकडून अथणी-रायबागकडून येतात. ऑपरेशन ठरलं की मुक्काम आठवडाभराचा होतो. येताना आणलेल्या भाकऱ्या दुसऱ्या दिवशी संपतात, आणि मग रोज दोन्ही वेळचं विकतचं जेवण औषधांच्या पैशांत वाटा मागू लागतं.

आमचं अन्नछत्र या नातेवाइकांना संध्याकाळचं जेवण देतं. सोमवार ते शनिवार, रोज १२० पानं. रविवार एका भजनी मंडळाने उचललेला आहे. तेल, मसाला, मीठ आणि गॅस आम्ही देणगीच्या पैशांतून घेतो. धान्य आणि भाजी गावातल्या दुकानांकडून येते, आणि ती मागायचं पत्र मी लिहिते. हे पत्र ई-मेलने जातं. किराणा दुकानदार ई-मेल कुठे बघतो, असं कोणालाही वाटेल. पण जीएसटीची नोंदणी करताना ई-मेल द्यावाच लागतो, त्यामुळे बहुतेक भुसार व्यापाऱ्यांकडे तो आहे. फक्त तो बघतो दुकानातला हिशेब लिहिणारा मुलगा. तो दुपारी माल उतरत असताना शेठना ओरडून सांगतो, "अन्नछत्राचं पत्र आलंय, एक कट्टा तांदूळ मागताहेत." एवढं एकच वाक्य शेठपर्यंत पोचतं. म्हणून पत्राच्या विषयाच्या ओळीतच काय हवं आणि किती हवं, हे असावं लागतं. बाकीचं पत्र नंतर, चहाच्या वेळी वाचलं जातं.

दुकानदाराकडे मदतीची पत्रं कमी येत नाहीत. गणपती, जयंत्या, देवळाचा जीर्णोद्धार, क्रिकेटच्या स्पर्धा, पूर. बहुतेक पत्रांत शेवटी "यथाशक्ती सहकार्य करावे" असं असतं. मार्केट यार्डातल्या एका वयस्कर भुसार व्यापाऱ्याने मला एकदा सांगितलं होतं, "ताई, यथाशक्ती म्हटलं की मी शंभराची नोट काढतो आणि विषय मिटवतो. तुम्ही एक कट्टा म्हणा, दोन म्हणा. मग मला विचार करायला लागतो की." व्यापारी माणसाचं सगळं आयुष्य वजन आणि भाव यांत जातं. त्याला आकडा सांगितला की तो लगेच मनात हिशेब मांडतो: हा माल मला किती रुपयांना पडला, दर महिन्याला जाईल की एकदाच, उचलायला कोण येणार, कधी येणार. त्या हिशेबाला लागेल ते सगळं पत्रात असलं तर तो हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. दोन्ही उत्तरं आम्हाला चालतात. नुसतं "बघू" आलं तर मात्र संध्याकाळचं पातेलं कशावर ठेवायचं ते कळत नाही.

हा आकडा काढायचा तर सुरुवात ताटापासून करावी लागते, पोत्यापासून नाही. आमचा साधा बेत भात, आमटी आणि एक भाजी असा आहे. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, शेजारच्या गल्ल्यांतून घरटी चार-पाच भाकऱ्या येतात, त्या दिवशी उसळ असते आणि भात निम्म्यावर येतो. जतकडच्या माणसाला सलग चार दिवस भातावर ठेवलं की तो पोटभर जेवूनही उपाशी असल्यासारखा उठतो, म्हणून हे दोन दिवस आम्ही सोडत नाही. चपात्या करत नाही. १२० माणसांना दोन-दोन म्हटल्या तरी २४० चपात्या, म्हणजे रोज तीन-चार बायका दोन तास लाटायला हव्यात, आणि संध्याकाळच्या वेळी तेवढे हात आमच्याकडे नाहीत. गव्हाचं पोतं द्यायला पुष्कळजण तयार असतात. पण हातच नाहीत तर गहू पडून राहतो, म्हणून पत्रात गहू मागतच नाही.

आता माणशी किती? शाळेतल्या पोषण आहारासाठी सरकारने ठरवलेलं प्रमाण हा एक चांगला आधार आहे. सहावी ते आठवीच्या मुलाला एका जेवणात १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. मोठ्या माणसाला डाळ-भाजी याहून जास्त हवी. तांदूळ मात्र आमच्याकडे माणशी सव्वाशे ग्रॅम पुरतो, कारण रांगेत म्हाताऱ्या बायका असतात, लहान मुलं असतात, आणि रात्रभर वॉर्डाच्या व्हरांड्यात बसायचं म्हणून बरीच माणसं बेतानेच जेवतात. म्हणजे एका संध्याकाळी १५ किलो. चार दिवस १५ किलो आणि भाकरीचे दोन दिवस साडेसात किलो. आठवड्याचे झाले ७५ किलो, म्हणजे २५ किलोचे तीन कट्टे.

हे सगळे आकडे कच्च्या मालाचे आहेत, आणि पहिल्यांदा हिशेब मांडणाऱ्याचा गोंधळ इथेच होतो. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू केली, तिच्यात भात १५० ग्रॅम ठरवला होता. तो शिजलेला भात. शाळेच्या प्रमाणातलं १५० ग्रॅम धान्य म्हणजे कोरडं धान्य. एक किलो तांदळाचा अडीच ते तीन किलो भात होतो. म्हणजे थाळीतला १५० ग्रॅम भात साधारण ५५ ग्रॅम तांदळाचा, आणि शाळेतल्या मुलाच्या वाट्याला त्याच्या जवळजवळ तिप्पट धान्य आलं. कोणी शिजलेल्या ताटाचं माप घेऊन तेवढा तांदूळ मागितला तर आठवड्याला दुप्पट-तिप्पट तांदूळ गोळा होईल. उलट केलं तर बुधवारीच डबा रिकामा दिसेल. तांदूळ नवा की जुना यानेही फरक पडतो. दिवाळीनंतर येणारा नवा तांदूळ पाणी कमी पितो, भात फुलत नाही आणि मोठ्या पातेल्यात तर हमखास गिचका होतो. १५ किलो जुन्या तांदळात जितकी पानं निघतात तितकी नव्यात निघत नाहीत. म्हणून आमच्या पत्रात "जुना असल्यास उत्तम" असे शब्द असतात. कोणता, कोलम की आणखी काही, ते आम्ही विचारत नाही.

डाळ माणशी ४० ग्रॅम धरतो. रोजचे जवळजवळ पाच किलो. चार दिवस आमटी, म्हणजे तूरडाळ २० किलो. दोन दिवस उसळ, म्हणजे मटकी, चवळी, मसूर, जे असेल ते कडधान्य १० किलो. भाजीचा हिशेब किचकट आहे, त्याकडे पुढे येते.

तीन कट्टे आठवड्याला, हा आमचा आकडा झाला. दुकानदाराला तो तसाच सांगून उपयोग नाही. एखाद्या व्यापाऱ्याकडे दर आठवड्याला एक कट्टा मागितला तर वर्षाचे ५२ कट्टे होतात, आणि ते मोठ्या आडत्यालाही जड आहे. तोच माणूस महिन्याला एक कट्टा सहज देतो. आठवड्याची गरज महिन्याच्या वाट्यांत बसवायची तर किती व्यापारी लागतील? चार आठवड्यांचा महिना धरला तर बारा. पण वर्षात ५२ आठवडे आणि १२ महिने असतात. ५२ आठवड्यांचे १५६ कट्टे, ते १२ महिन्यांत वाटले की महिन्याला १३. बारा व्यापाऱ्यांवर थांबलं तर दर महिन्याला एक कट्टा कमी पडतो, आणि तो कमी पडल्याचं पहिल्या महिन्यात कळतही नाही, कारण सुरुवातीला साठा असतो. तीन-चार महिन्यांनी कळतं. म्हणून आम्ही तेरा नावं पक्की केली आणि एका वहीत क्रमाने लिहिली. दर आठवड्याला वहीतली पुढची तीन नावं. तेरावं नाव झालं की पुन्हा पहिलं. असं केलं की प्रत्येकाची पाळी सव्वाचार-साडेचार आठवड्यांनी येते, वर्षात बारा वेळा, म्हणजे त्याच्या दृष्टीने महिन्याला एकदाच. आणि आमच्याकडे तेराच्या तेरा कट्टे एकदम येऊन पावसाळ्यात ओल धरत पडत नाहीत.

डाळीचा वाटा लहान ठेवावा लागतो, कारण डाळ महाग. ती आम्ही किराणा दुकानांकडे मागतो, पाच किलो, महिन्यातून एकदा. अशी सतरा-अठरा दुकानं जोडली की आठवड्याचे २० किलो भरतात. पाच किलोपेक्षा लहान वाटा मागत नाही. एक-एक किलोसाठी रिक्षा वीस ठिकाणी थांबवली तर रिक्षाचा खर्च डाळीच्या भावात जाऊन बसतो. ज्याला किलोभरच द्यायची आहे त्याला आम्ही सांगतो, शेजारच्या दुकानात ठेवा, तिथून एकदम उचलू. एकाच गल्लीतले दुकानदार असं आपसांत चांगलं जमवतात.

भुसार व्यापाऱ्यांना जातं ते पत्र इथे देते. किराण्याचं पत्र याच धर्तीचं असतं, फक्त आकडे वेगळे.

विषय : रुग्णालय अन्नछत्र, मिरज – दर महिन्याला तांदळाचा एक कट्टा हवा आहे

मा. महोदय,
सप्रेम नमस्कार.

सरकारी रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना आम्ही सोमवार ते शनिवार संध्याकाळी जेवण देतो. रोज १२० माणसं जेवतात. जेवण विनामूल्य आहे आणि कोणाचं नाव-गाव विचारलं जात नाही.

यासाठी दर आठवड्याला लागणारा माल असा : तांदूळ ७५ किलो, तूरडाळ २० किलो, कडधान्य १० किलो, फळभाज्या व पालेभाज्या ६० किलो, कांदा १८ किलो, बटाटा १५ किलो, टोमॅटो १२ किलो.

यांपैकी आपल्याकडे आमची विनंती फक्त तांदळाची आहे. महिन्यातून एकदा एक कट्टा, २५ किंवा २६ किलोचा. जुना तांदूळ असल्यास उत्तम. तेरा व्यापाऱ्यांनी असा एक-एक कट्टा दिला की वर्षभराची गरज भागते. आतापर्यंत आठ जणांनी होकार दिला आहे.

आपली पाळी आली की दोन दिवस आधी आम्ही फोन करू. माल बुधवारी सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान आमची रिक्षा येऊन उचलेल. जागेवर वजन करून पोच दिली जाईल. सोबत न्यासाचा नोंदणी क्रमांक आणि अन्न परवाना नोंदणीची प्रत जोडली आहे.

रेशनचा तांदूळ आणि शिजवलेलं अन्न आम्ही घेत नाही.

एखाद्या महिन्यात देणं जमणार नसेल तर तसं कळवावं, आम्ही पुढचं नाव घेऊ. त्यामुळे आपली पाळी रद्द होत नाही. स्वयंपाक कसा होतो ते पाहायला संध्याकाळी पाचनंतर कधीही यावं.

आपली,
स्वयंसेविका, रुग्णालय अन्नछत्र

या पत्रातल्या दोन-तीन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे सगळी यादी दिली आहे, पण मागितली एकच वस्तू आहे. सगळी यादी असल्यामुळे व्यापाऱ्याला कळतं की ही माणसं मोजून-मापून चालतात, आणि आपल्या कट्ट्याबरोबर डाळ-भाजीही येणार आहे, नुसता भात वाढणार नाहीत. एकच वस्तू मागितल्यामुळे त्याला निवडत बसावं लागत नाही. "आठ जणांनी होकार दिला आहे" हे वाक्य दर वेळी खरा आकडा घालून लिहायचं असतं. व्यापारी एकमेकांना रोज भेटतात, आठ कोण ते अर्ध्या तासात त्यांना कळतं.

२५ किंवा २६ किलो हे लिहिण्यामागे कारण आहे. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याहून मोठ्या पोत्यावर लागत नाही, आणि सुट्या धान्यावरही नाही. म्हणून काही गिरण्यांनी २६ किलोचे कट्टे काढले. दान देणाऱ्याच्या दृष्टीने याला महत्त्व आहे. ज्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट घेतली, तो माल फुकट दिला तर ती वजावट सोडावी लागते. सुट्या धान्याचा किंवा २६ किलोच्या कट्ट्याचा हा प्रश्नच येत नाही, ताज्या भाजीचाही येत नाही. व्यापाऱ्याच्या हिशेबनीसाला हे माहीत असतं, आणि मागणाऱ्यालाही माहीत आहे असं दिसलं की तो पत्र बाजूला टाकत नाही.

आयकराच्या सवलतीचा प्रश्न हमखास येतो. "८०जीची पावती मिळेल ना?" धान्याच्या, भाजीच्या किंवा कुठल्याही वस्तूच्या देणगीला ही सवलत नाही. ती पैशाच्या देणगीला आहे, तीही रोख दोन हजारांपेक्षा जास्त असेल तर नाही. काही संस्था कट्ट्याची किंमत लावून पावती देतात. आम्ही तसं करत नाही आणि विचारणाऱ्याला स्पष्ट सांगतो. ज्याला सवलत हवी आहे तो चेकने पैसे देतो, त्यातून आम्ही त्याच्याच दुकानातून बिलाने तांदूळ घेतो. पोच मात्र सगळ्यांना मिळते, तिच्यावर तारीख, वस्तू आणि वजन असतं, किंमत नसते.

अन्न परवान्याबद्दलही एक समज असा आहे की फुकट जेवण देणाऱ्यांना तो लागत नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या व्याख्येत नफा मिळवणारे आणि न मिळवणारे दोन्ही येतात. नोंदणीचा १४ आकडी क्रमांक पत्रासोबत गेला की दुकानदाराच्या मनातली एक शंका कमी होते: उद्या कोणाला जेवून त्रास झाला तर माझं नाव कुठे येईल?

रेशनच्या तांदळाचं वाक्य काहींना खटकतं. देणारा मनापासून देत असतो, त्याच्या घरी तो खाल्ला जात नाही एवढंच. पण सरकारी धान्य कोणाच्या नावावरचं, ते इथे कसं आलं, हे आम्हाला दाखवता येणार नाही. असं धान्य दुकानात किंवा अन्नछत्रात सापडलं तर गुन्हा होऊ शकतो. शिजवलेल्या अन्नाला नकार देण्याचं कारण वेगळं आहे. लग्नातला उरलेला भात आमच्यापर्यंत येतो तेव्हा तो कधी शिजला आणि किती वेळ कोमट राहिला हे कोणालाच सांगता येत नाही. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात झपाट्याने वाढतात. पुन्हा गरम केल्याने त्यांनी सोडलेलं विष जात नाही. वासावरून ते कळत नाही. एकशेवीस माणसं, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाचा एक रुग्ण आत. तिथे असा धोका पत्करायचा नाही.

माल आला की तो बघावा लागतो, आणि देणाऱ्यासमोर बघावा लागतो. कट्टा उघडून वरचा तांदूळ पाहून भागत नाही. हात कोपरापर्यंत खाली घालायचा. तळाशी थंड लागलं, ढेकळं हाताला आली किंवा बाहेर काढलेल्या मुठीला कुबट वास आला, तर तो कट्टा भिजलेला आहे आणि तो घ्यायचा नाही, धुऊन-वाळवूनही नाही. पोरकिडे दिसले तर मात्र घाबरायचं कारण नाही. चाळून, उन्हाच्या कडेला सावलीत पसरून तांदूळ वापरता येतो, फक्त तो लगेच संपवायचा आणि बाकीच्या कट्ट्यांपासून लांब ठेवायचा. दाणे एकमेकांना चिकटून जाळी धरलेली दिसली तर किडीच्या अळ्या पोत्यात मुरल्या आहेत असं समजावं, तो परत. कडधान्याला भोकं पडलेली असतात ती भुंग्यांची. मूठभर दाणे पाण्यात टाकले की पोकळ झालेले वर तरंगतात. मुठीतले दोन-चार तरंगले तर चालतं, पाव मूठ तरंगली तर ती चवळी शिजवून काही उपयोग नाही, तिच्यात पीठच उरलेलं नसतं.

परत करणं अवघड जातं. फुकट मिळतंय त्याला नावं ठेवायची का, असं नव्या स्वयंसेवकांना वाटतं. पण दुकानदाराला ते उलट वाटतं, हा माझा अनुभव आहे. "हा कट्टा भिजलाय हो" म्हटलं की तो आधी नोकराला ओरडतो, मग दुसरा कट्टा काढून देतो. गोदामात पाणी शिरतंय हे त्यालाही आपल्यामुळे कळलेलं असतं.

भाजीचं गणित तांदळासारखं स्थिर नाही, आणि म्हणूनच मला ते जास्त आवडतं. निवडून, चिरून पातेल्यात पडणारी भाजी माणशी १०० ग्रॅम धरतो. रोजची १२ किलो. पण बाजारातून १२ किलो आणून १२ किलो पातेल्यात पडत नाही. दुधी, भोपळा, कोबी यांचा थोडाच भाग जातो. फ्लॉवरची पानं आणि दांडा काढला की जवळजवळ निम्मं वजन खाली राहतं. मेथीचे देठ खुडले की तेच. म्हणून सरासरीने रोजची १५ किलो, आणि भाजीचे चार दिवस धरून आठवड्याची ६० किलो मागतो. फक्त फ्लॉवरच आला तर त्या दिवशी १५ किलो पुरणार नाही, हे आणायला जाणाऱ्या मुलाला माहीत असावं लागतं. कांदा रोज तीन किलो, टोमॅटो दोन किलो. बटाटा उसळीत घालायला आणि अडीअडचणीला.

पत्रात भाजीची नावं लिहीत नाही. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता. त्या दिवसांत यादीत टोमॅटो ठळक दिसला असता तर भाजीवाल्याने कागद परत केला असता, आणि ते बरोबरच होतं. म्हणून "त्या दिवशी जी स्वस्त असेल ती" असं लिहितो. टोमॅटो महागला की आमटीत चिंच किंवा आमसूल पडतं. भाजीवाल्यांना ई-मेल जात नाही, त्या पत्राची छापलेली प्रत लक्ष्मी मार्केटमध्ये हातात दिली जाते आणि बहुतेक वेळा वाचूनही दाखवली जाते. तिथे मागणी आणखी लहान असते: तीन किलो, आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी. असे पाच जण मिळाले की एका दिवसाची भाजी झाली. चार दिवसांचे वीस जण.

दिवस ठरवताना वेळ सांभाळावी लागते. भाजीवाल्याकडे देण्यासारखी भाजी रात्री उरते आणि आमचा स्वयंपाक दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सुरू होतो. मधली रात्र भोपळा, कोबी, गाजर, दुधी, वांगी सहज काढतात. मेथी, पालक, कोथिंबीर उन्हाळ्यात सकाळपर्यंत पिवळी पडू लागते. म्हणून रात्री फळभाज्याच उचलायच्या आणि पालेभाजी सकाळच्या सौद्यातून, तीही त्याच दिवशी शिजणार असेल तरच. बटाट्याला हिरवी झाक आली असेल किंवा मोठे कोंब फुटले असतील तर तो टाकायचा. त्यातलं विष शिजवून जात नाही. कांद्याला कोंब आला तर काही बिघडत नाही, पातीसकट चिरावा.

जैन व्यापारी कांदा-बटाटा देत नाहीत. त्यांच्या पत्रातून ही दोन नावं आम्ही काढून टाकतो. ते तांदूळ-डाळ मात्र मोकळ्या हाताने देतात. भुसार बाजारात दर पोत्यामागे थोडी रक्कम धर्मादा म्हणून बाजूला काढायची जुनी पद्धत आहे. ज्या पेढ्यांवर ती अजून आहे तिथे आमचा कट्टा त्या खात्यातून जातो, आणि तिथून नकार सहसा येत नाही. काहींना पाळीपेक्षा ठरावीक दिवस हवा असतो, वडिलांची तिथी किंवा मुलीचा वाढदिवस. तो आम्ही वहीत लिहून ठेवतो आणि त्याची पाळी तेवढी पुढे-मागे करतो.

आकडा सांगण्याचा आणखी एक उपयोग भाव पडतात तेव्हा दिसतो. कोबीला भाव मिळेना म्हणून एखादा शेतकरी टेम्पोभर कोबी आणून उभा करतो. चार-पाचशे किलो. त्याच्या कष्टाचा माल रस्त्यावर जाताना बघवत नाही, पण आमची आठवड्याची भाजी ६० किलो आहे आणि ती ठेवायला एक खोली आहे. आम्ही ६० किलो घेतो आणि बाकीसाठी गुरुद्वाऱ्याला, मुलांच्या वसतिगृहाला आणि शेजारच्या गोशाळेला फोन करतो. त्यांचा आठवड्याचा आकडा आम्ही आमच्या वहीतच लिहून ठेवलेला आहे, त्यामुळे टेम्पो तासाभरात रिकामा होतो.

कोरड्या मालाची मर्यादा आम्ही दोन आठवड्यांची ठेवली आहे: तांदूळ १५० किलो, तूरडाळ ४० किलो. दिवाळीत आणि पितृपक्षात ती हमखास ओलांडली जाते, कारण पत्र न गेलेलेही आणून देतात. तेव्हा त्या आठवड्यातल्या तिघांना आणखी एक छोटं पत्र जातं : "साठा पुरेसा आहे, या वेळी माल पाठवू नये. आपली पुढची पाळी कधी ते कळवू." पहिल्यांदा हे पत्र मिळालेल्या एका शेठनी फोन करून विचारलं, "काही चुकलं का आमचं?" नाही म्हटल्यावर त्यांनी तो कट्टा बाजूला काढून ठेवला, वर आमचं नाव खडूने लिहिलं, आणि पुढच्या पाळीला दोन दिले.